डेअरीची टॅगलाइन: आधी तोंडात बसू दे

‘शुद्ध दुग्ध आमुचे, आरोग्य राखे तुमचे’ यात यमक जुळलंय, पण दूध घेताना ‘दुग्ध’, ‘आमुचे’ कोण म्हणतं? नवखे इथेच फसतात, यमकासाठी पोथीतली भाषा आणतात.

उलटं कर. गिऱ्हाईक दुधाबद्दल जे बोलतं तेच शब्द आधी लिही: दाट, ताजं, साय. मग त्यांतच यमक शोध. ‘दूध दाट, सायीचा थाट’ बघ, क्रियापदाचीही गरज नाही. (हे म्हशीच्या दुधालाच, गायीचं पातळ असतं, लोक हसतील.)

मग दोन गोष्टी तपास:
- ‘ताजे’ लिहून ‘राजे’शी जुळवलंस, तर बोलताना ‘ताजं’ होतं आणि यमक तुटतं.
- कुणाला तरी फोनवर एकदाच ऐकव, थोड्या वेळाने म्हणायला लाव. तो जो शब्द बदलेल, तो बहुधा तुझाच चुकलाय.