टेंडर मूल्यमापन अहवालाचा सारांश कमिटीला कसा द्यावा?

प्रश्न: आमच्या खानापूरच्या सोसायटीने बँकिंग सॉफ्टवेअरसाठी टेंडर काढलं. अहवाल 40 पानी आहे. गुण कसे दिले आणि कोणाला का नाकारलं, हे कमिटीला एका पानात कसं सांगू?

उत्तर: कमिटी पहिल्यांदा विचारणार, "स्वस्तवाला का नको?" म्हणून सुरुवात त्या हिशोबानेच करा. समजा तांत्रिक-आर्थिक भार 70:30 आहे. 'अ'ला तांत्रिक 82 गुण, दर 12 लाख. 'ब'ला 74 गुण, दर 10 लाख. सर्वांत कमी दराला 100 गुण, म्हणून 'अ'चे आर्थिक गुण 10 ÷ 12 × 100 = 83.33.

अ: 82 × 0.7 + 83.33 × 0.3 = 57.4 + 25 = 82.4
ब: 74 × 0.7 + 100 × 0.3 = 51.8 + 30 = 81.8

फरक फक्त 0.6 चा. तेव्हा तांत्रिक 8 गुण नेमके कुठे वाढले ते लिहा, उदाहरणार्थ कन्नड आणि मराठी दोन्हींत पावती निघते म्हणून. मात्र तो निकष टेंडरमध्ये आधीच छापलेला हवा. नंतर घुसवलेला निकष पहिल्याच तक्रारीत उघडा पडतो.

नाकारलेल्यांबाबत "अनुभव अपुरा" एवढंच लिहू नका. अट, काय जोडलं, काय नाही, असं लिहा: "कलम 4.2 प्रमाणे 2 पूर्ण कामे हवीत. एकाचंच पूर्णत्व प्रमाणपत्र आहे, दुसऱ्याची नुसती वर्क ऑर्डर. पान 17." तांत्रिक फेरीत किमान गुण न मिळालेल्यांचा दर सारांशात येताच कामा नये. त्यांचं दराचं पाकीट उघडलेलंच नसतं, आणि उघडलं असेल तर आधी तोच घोळ कमिटीपुढे ठेवा.