खांद्यावरून नेता येणारी वीज

प्रश्न: विज्ञानकथा लिहितोय. फक्त एकच तंत्रज्ञान बदलायचं आणि त्याचा परिणाम एका साध्या कुटुंबावर दाखवायचा, असं ठरवलंय. घर सांगली-साताऱ्याकडचं. कोणता बदल घेऊ आणि तो खरा वाटावा म्हणून काय करू?

उत्तर:

मी बॅटरीचं वजन बदलेन. बाकी जग आहे तसंच ठेवेन.

आमच्या कडेगाव भागातला विहिरीवरचा ऊस डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडतो. पाच एचपीची मोटर तासाला साधारण साडेचार युनिट खाते. चार तास चालवायची तर अठरा-वीस युनिट लागतात. आज वीस युनिट साठवणारी लिथियम बॅटरी घेतली, तर ती दीडशे किलोच्या आसपास भरते. म्हणजे ती जिथे बसवली तिथेच राहणार. तुमच्या कथेत ती पंधरा किलोची करा. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य नाही. लिथियम आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या जोडीतून किलोमागे साडेतीन युनिटांच्या आसपास ऊर्जा मिळू शकते, ही कागदावरची मर्यादा आहे. आपण मागतोय किलोमागे दीड युनिटाहूनही कमी. त्यामुळे जाणकार वाचकही पहिल्या पानावर पुस्तक मिटणार नाही.

आता दोन शंका येतील, त्यांची उत्तरं आधीच तयार ठेवा. पहिली, रात्रीच्या लाईटचा त्रास सौरपंपांनी आणि सौर वाहिन्यांनी तसाही कमी होत चाललाय. बरोबर आहे. म्हणून ‘रात्रीचं पाणी पाजणं संपलं’ एवढ्यावर कथा उभी करू नका, ती छापून येईपर्यंत शिळी होईल. सौरपंप एका जागी घट्ट असतो आणि ऊन असेल तेव्हाच चालतो. तुमची बॅटरी मोटरसायकलवर बसते आणि पहाटे तीनलाही मोटर ओढते, नवेपण तिथे आहे. दुसरी शंका डिझेल इंजिनाची. डिझेलही कॅनमधून नेता येतंच की! पण डिझेलला दर वेळी रोख पैसे मोजावे लागतात, म्हणून मनात आलं आणि पहाटे दोन तास इंजिन फिरवलं, असं कोणी करत नाही. बॅटरी मात्र घरातल्या सॉकेटवर भरते. शेतीच्या फीडरला तीन फेज ठरावीक तासच असते, पण गावठाणात लाईट दिवसभर असते. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर वीस युनिट भरायला सहा-सात तास पुरतात.

इथून कथा सुरू होते, आणि ती विजेची नसून पाण्याची आहे.

दोन भाऊ, वडिलांनी खोदलेली एक सामाईक विहीर. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा, अशी पाळी. ‘दिवस’ म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे कोणी कधी बोललंच नाही, कारण बोलायची गरजच नव्हती. लाईट सकाळी नऊला येते, ऑटोवर मोटर सुरू होते, पाचला लाईट जाते, दिवस संपतो. रात्रपाळीच्या आठवड्यात तास बदलतात, पण दिवस लाईटच ठरवते.

विहीर पंचवीस फूट व्यासाची धरा. दहा फूट पाणी म्हणजे जवळपास एक लाख चाळीस हजार लिटर. मोटर सेकंदाला दहा लिटर फेकते, म्हणजे चार तासांत तळ. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात झरे मंद असतात. उन्हाळ्यात ते दहा फूट परत भरायला वीस तास लागतात असं माना. सोमवारी संध्याकाळी थोरल्याने विहीर उपसली, तरी मंगळवारी दुपारपर्यंत धाकट्याला पुरेसं पाणी जमतं.

थोरल्याकडे बॅटरी येते. सोमवार त्याचाच आहे, आणि त्याच्या मते तो मंगळवारचा सूर्य उगवेपर्यंत चालतो. संध्याकाळी पाचला उपसलेल्या विहिरीत पहाटे तीनपर्यंत पाच फूट पाणी आलेलं असतं. तो मोटर लावतो आणि दोन तासांत ते खेचून घेतो. धाकट्याची मोटर सकाळी नऊला सुरू होते आणि थोड्याच वेळात हवा ओढायला लागते. पाइपातून पाणी तुटक येतं, मोटरचा आवाज चढतो, धाकटा धावत जाऊन स्टार्टर बंद करतो. त्याला आधी वाटतं झरा आटला. तो दोरीला दगड बांधून पाणी मोजतो. मग त्याला थोरल्याच्या पाटातली ओल दिसते.

हा प्रसंग सावकाश लिहा. थोरल्याने एकही ठरलेला नियम मोडलेला नाही, आणि तरी धाकट्याचं पाणी गेलं. दोघांपैकी एकाला वाईट माणूस करायचा मोह टाळा. थोरल्याचा खोडवा वाळत होता, त्याचं कारण त्याच्यापाशी आहे.

धाकटाही उसनवारी करून बॅटरी घेणार, हे उघड आहे. आता नीट हिशेब करा. दोघंही आपापल्या दिवसाच्या शेवटच्या मिनिटापर्यंत उपसत असतील, तर दोघांच्या वाट्याला चोवीस तासांचा झरा येतो. म्हणजे पाणी पुन्हा सारखं झालं, कोणालाच थेंबभर जास्त मिळालं नाही. पण सूर्योदयाआधी विहिरीवर कोणीतरी हवं. टायमर लावून भागत नाही, कारण पंधरा किलोची महागडी वस्तू रानात एकटी सोडता येत नाही. मोटरी आणि केबली आजही चोरीला जातात. मग घरचा बाप्या पुन्हा खोपीत झोपायला जातो, बॅटरी उशाला घेऊन. रात्री दारं धरायचं ज्या वस्तूमुळे सुटायला हवं होतं, तिच्याचमुळे तो रात्री घराबाहेर आहे. मला या कथेतली सगळ्यात खरी जागा ही वाटते. पहिल्या महिन्यात बाप घरी झोपलेला दाखवा, पोरांना त्याची सवय होऊ द्या, मग त्याला परत रानात पाठवा.

घरातली बाजू विसरू नका. चुली वेगळ्या झाल्या तरी अनेक घरांत वाडा एक आणि मीटर एक असतं, तेही वडिलांच्या नावावर. शेतीच्या विजेचा हिशेब आजवर घरात आलाच नव्हता, आता तो घरगुती बिलात उतरतो. रोज बॅटरी भरली तर महिन्याला सहाशे युनिट वाढतात, आणि घरगुती दर चढत्या टप्प्यांचा असल्यामुळे हे वाढीव युनिट वरच्या, महागड्या दराने पडतात. धाकटी सून विचारते, “आत्याबाई, बॅटरी अजून त्यांचीच भरतीय, मग बिल निम्मं आम्ही का भरायचं?” सासूला उत्तर द्यावंच लागतं. वीज आता धान्याच्या कणगीसारखी झाली आहे. कोणी किती काढली ते दिसतं, शेजारणीला किती दिली तेही दिसतं. माहेरी आलेल्या लेकीला जाताना भरलेली बॅटरी द्यायची की नाही, यावर एक अख्खं प्रकरण होईल.

बॅटरीचा स्फोट मात्र घालू नका. स्वयंपाकघरातल्या भरलेल्या गॅस टाकीत तिच्या आठ-नऊपट ऊर्जा असते आणि तिच्यासोबत आपण निवांत राहतो. स्फोट आला की वाचक विहीर विसरेल.

शेवटासाठी एक सोय इथल्या भूगोलातच आहे. ताकारी-टेंभू या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन सुटलं की कालव्याकाठच्या विहिरी चढतात आणि महिनाभर भांडणाला कारणच उरत नाही. तेवढ्या दिवसांत दोघांना एकत्र बसवा आणि कागदावर ‘दिवस’ किती वाजता सुरू होतो ते लिहायला लावा. लिहिणारा बहुधा थोरल्याचा कॉलेजातला मुलगा असेल. तो ‘रात्री बारा’ लिहील, आणि म्हातारी म्हणेल, “दिस उगवतीला सुरू हुतोय.” कोणाचं लिहिलं जातं ते तुम्ही ठरवा, पण आवर्तन बंद झाल्यानंतरची पहिली पहाट कथेत असू द्या.