कंपनी निफ्टी ५० मध्ये आहे का, हे कसं पाहायचं

बेळगावात हिंदाल्कोचा कारखाना आहे, म्हणून तिचंच उदाहरण घ्या. niftyindices.com वर निफ्टी ५० च्या पानावरून घटक कंपन्यांची यादी उतरवून घ्या. त्यात नाव शोधत बसू नका, सारख्या नावांनी फसगत होते. `HINDALCO` हे सिम्बॉल शोधा आणि ISIN, म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक, आपल्या डीमॅटमधल्याशी ताडून बघा. ‘निर्देशांकात आहे’ असं कुणी म्हटलं, तर आधी कुठल्या, ते विचारा. निफ्टी ५०० मध्ये असणं ही फार वेगळी गोष्ट. यादी ताजीच हवी, कारण वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरअखेर, ती बदलते.

आता यातून कळतं काय? प्रवर्तकांचा वाटा वगळून बाजारात फिरणाऱ्या शेअर्सचं मूल्य मोठं आहे आणि मोठी ऑर्डरही भाव फारसा न हलता पार पडते, एवढंच. नफा किंवा कर्ज या निवडीत तपासलंच जात नाही. येस बँक मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले त्या दिवशी निफ्टी ५० मध्येच होती. वगळली गेली ती नंतर. म्हणून ताळेबंद वेगळा वाचावाच लागतो.