सळई, फॉस्फरस आणि दाजींशी राहिलेला वाद

प्रश्न: एमबीएला इनोव्हेशन मॅनेजमेंट हा विषय आहे. डिसरप्टिव्ह आणि सस्टेनिंग इनोव्हेशनमध्ये नेमका फरक काय? सोपी उदाहरणं देऊन कोणी सांगेल का?

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी लॅबमध्ये. त्यामुळे उदाहरण सळईचंच देणार. त्याला आणखी एक कारण आहे. या विषयावर सगळ्यात जास्त चर्चिलं गेलेलं उदाहरणही सळईचंच आहे, आणि ते अर्धवट शिकवलं जातं, असं माझं ठाम मत आहे.

आधी ते मूळ उदाहरण. अमेरिकेत पोलाद बनवायचे मोठे कारखाने खनिजापासून सुरुवात करायचे: कोक, झोतभट्टी, मग पोलाद, मग रोलिंग. साठच्या दशकात तिथे छोट्या मिनी-मिल उभ्या राहू लागल्या. त्या भंगार घ्यायच्या, विजेच्या आर्क भट्टीत वितळवायच्या आणि माल काढायच्या. खर्च साधारण वीस टक्के कमी, पण मालाची प्रत यथातथा. अशा पोलादाला एकच गिऱ्हाईक मिळण्यासारखं होतं, ते म्हणजे सळईचं. सळई काँक्रीटमध्ये गाडली जाते, तिचा पृष्ठभाग कोणी बघत नाही. मोठ्या कारखान्यांना सळईत सात टक्क्यांच्या आसपास मार्जिन सुटायचं. छोटे लोक त्यात शिरले तेव्हा मोठ्यांनी सळई आनंदाने सोडून दिली, कारण सर्वात कमी नफ्याचा माल यादीतून गेला की उरलेल्याची सरासरी आपोआप चढते. हिशेबाच्या वहीत हा निर्णय बरोबरच दिसत होता.

१९७९ मध्ये शेवटचा मोठा कारखाना सळईतून बाहेर पडला आणि सळईचा भाव कोसळला. छोट्यांचा नफा येत होता तो समोर महागात माल काढणारा कोणीतरी होता म्हणून. तो गेला आणि सगळेच स्वस्तात काढणारे उरले, मग नफा कसला? म्हणून छोट्यांना वर सरकावंच लागलं: अँगल आणि जाड सळ्या, तिथे मार्जिन बारा टक्के. मोठ्यांनी तेही सोडलं. मग बांधकामाचे बीम. शेवटी १९८९ मध्ये न्यूकॉर या कंपनीने इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला पातळ स्लॅब ओतायचं यंत्र बसवलं. आधी स्लॅब वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीचा ओतून पुढे लाटत लाटत पत्रा करावा लागायचा, तो आता पाच सेंटिमीटरचाच ओतला जाऊ लागला. त्या पत्र्याचा पृष्ठभाग सुरुवातीला मोटारीच्या बॉडीला चालण्यासारखा नव्हता. पण पाइपला आणि इमारतीच्या डेकिंगला चालत होता, आणि तिथून ते पत्र्याच्या बाजारात शिरले. बीमवर जगलेल्या बेथलेहेम स्टीलने आपल्या मूळ गावच्या कारखान्यात पोलाद काढणं १९९५ मध्ये थांबवलं आणि २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

हा सिद्धांत मांडणारे हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सेन यांनी डिसरप्टिव्ह म्हटलं ते या सगळ्या वाटचालीला. खालून शिरणं, वरच्याने खुशीने जागा सोडणं आणि शिरलेल्याने पायरी पायरीने वर चढणं, हे तिन्ही लागतं. सस्टेनिंग म्हणजे आजचं चांगलं गिऱ्हाईक ज्या मापाने माल मोजतं, त्याच मापावर माल आणखी चांगला करणं. ती सुधारणा किती मोठी किंवा किती महाग, याचा इथे संबंध नाही.

इथे आमचे दाजी येतात. बहिणीचे यजमान पुण्यात मॅनेजमेंट शिकवतात. भाचीच्या साखरपुड्याला पंगतीत बसलो असताना ते मला म्हणाले, "तुमच्या जालन्यात तर डिसरप्शन डोळ्यांसमोर घडलं. टीएमटी आली आणि टोरवाले झोपले."

मी म्हटलं, "दाजी, टीएमटी सस्टेनिंग होती."

"अरे, मिली बंद पडल्या ना? मग आणखी काय पाहिजे?"

तिथे पन्नास माणसं जेवत होती, म्हणून मी गप्प बसलो. आज सांगतो.

टोर म्हणजे थंड झाल्यावर पीळ दिलेली सळई. पीळ देऊन ताकद वाढवायची, पण त्याने सळईत ताण राहतो, ती वाकवताना त्रास देते आणि गंजही लवकर धरते. टीएमटीत पीळ नाही. रोलिंगच्या शेवटच्या स्टँडमधून लालभडक सळई बाहेर पडते ती तशीच पाण्याच्या पेटीतून जाते. बाहेरचा थर झटक्यात थंड होऊन कडक होतो, आत गर तापलेलाच असतो. पेटीबाहेर आल्यावर आतली उष्णता बाहेर येते आणि कडक थराचा ठिसूळपणा घालवते. सळई बाहेरून कणखर, आतून लवचीक. ताकदीच्या मापात पूर्वी ४१५ चा ग्रेड चालायचा, आता ५०० चा सहज निघू लागला.

हे कोणाला हवं होतं? त्याच ठेकेदाराला आणि त्याच आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला, जो आधी टोर घेत होता. तो ताकदच बघत होता आणि ताकदच वाढली. ज्या मिलमालकांकडे पाण्याची पेटी, पंप आणि दाबाचं गणित सांभाळणारी माणसं आणायला पैसा नव्हता ते मागे पडले. आमच्याच रस्त्यावरची एक मिल अशी बंद पडली, तिथले दोन फिटर आमच्याकडे आले. त्यांचं नुकसान खरं होतं. पण कोणीही खालून शिरलं नव्हतं आणि कोणीही खुशीने जागा सोडली नव्हती. सगळे एकाच गिऱ्हाइकासाठी धावत होते, काही धापा टाकून थांबले. मिल बंद पडली यावरून डिसरप्शन ठरत नाही. परीक्षेत निम्मी मुलं इथेच चुकत असणार, कारण शिकवणारेच चुकतात.

आता दाजींना त्या दिवशी सांगायची राहिलेली खरी गोष्ट, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची. जालना अमेरिकेतल्या मिनी-मिलसारखं दिसतं. भंगार, विजेची भट्टी, सळई. मग आम्ही पत्र्यापर्यंत का नाही पोचलो?

२००७ साली आमच्या शेठजींनी प्रयत्न केला होता. सळईत चार पैसे सुटत नव्हते. वाळूजच्या एका फोर्जिंगवाल्याला ट्रॅक्टरच्या पिनांसाठी राउंड बार हवे होते, भाव टनामागे बराच चांगला. त्याची अट होती की फॉस्फरस ०.०३५ टक्क्याच्या वर नको. पहिल्या नमुन्यासाठी आम्ही निवडून निवडून भंगार घेतलं, पत्र्याच्या कारखान्यातली स्वच्छ कात्रणं. नमुना पास झाला. शेठजींनी पेढे वाटले. मग रोजचा माल सुरू झाला, आणि रोजच्या मालात रोजचंच भंगार आणि त्याबरोबर स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड. तिसऱ्या आठवड्यात मी हीटचं, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याचं, सँपल स्पेक्ट्रो या तपासणीच्या यंत्रावर लावलं, फॉस्फरस ०.०५८. पुन्हा लावलं, तेच. खाली भट्टीवर फोन केला. मेल्टर म्हणाला, "साहेब, मी काय करू? जे टाकलं तेच निघणार."

तो शब्दशः खरं बोलत होता. आमच्या भट्ट्या इंडक्शनच्या. त्या वितळवतात, शुद्ध करत नाहीत. फॉस्फरस काढायचा तर चुन्याच्या मळीचा थर लागतो, ऑक्सिजन लागतो आणि तो चुना सोसणारं भट्टीचं अस्तर लागतं. आर्क भट्टीत हे जमतं. आमचं अस्तर वाळूचं, सिलिकाचं. त्यावर चुना टाकला तर फॉस्फरस जायच्या आधी अस्तरच जाईल. आमच्या हातात एकच उपाय होता, स्वच्छ माल घालून पातळ करणं, आणि स्वच्छ भंगार घेतलं की आमचा स्वस्तपणा संपत होता. मी त्या हीटवर लाल शेरा मारला. शेठजींना ट्रक भरायचा होता. तासभर वाद झाला आणि ट्रक गेला. पंधरा दिवसांनी पिना सरळ करताना तडकल्याच्या तक्रारीसह माल परत आला. फॉस्फरसने पोलाद थंड असताना ठिसूळ होतं, हे त्या काळ्या फटींकडे बघून शेठजींना कळलं. राउंड बारचा विषय तिथेच संपला.

सळईला मात्र आमचा माल नियमात बसत होता. फे ५००, म्हणजे त्याच ५०० ग्रेडच्या सळईला फॉस्फरस ०.०५५ पर्यंत चालतो, चांगलं भंगार असलं की आम्ही त्याच्या आत असायचो. म्हणजे खालच्या पायरीवर पाय ठेवायला आमचं तंत्र पुरेसं होतं, दुसऱ्या पायरीवर चढायला नव्हतं. अमेरिकेतल्यांच्या आर्क भट्टीत पोलाद शुद्ध करता येत होतं आणि पुढे पातळ स्लॅबचं यंत्रही मिळालं, म्हणून त्यांचं डिसरप्शन झालं. स्वस्त आणि हलक्या प्रतीचा माल घेऊन कोणी आलं की लगेच डिसरप्शन म्हणू नका. खर्चातला फायदा न गमावता प्रत वाढवायचा मार्ग त्याच्याकडे आहे का, ते आधी बघा. आमच्याकडे नव्हता. पुढे काही मिलनी लॅडल फर्नेस, म्हणजे वितळलेलं पोलाद शुद्ध करायची वेगळी भट्टी, बसवून ५००डी, म्हणजे फॉस्फरस ०.०४० च्या आत असणारी सळई काढायला सुरुवात केली. ती पुन्हा त्याच गिऱ्हाइकासाठीची सुधारणा, म्हणजे सस्टेनिंग.

उलट बाजूही आहे. भारतात मोठ्या कारखान्यांनी सळई सोडलीच नाही. त्यांनी तिला ब्रँडचं नाव दिलं, डीलर नेमले आणि घर बांधणाऱ्या माणसाला थेट विकली. वरचा पळून गेला नाही तर ही गोष्ट तशी पुढे सरकत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांच्या पडझडीत पेन्शनचा बोजा आणि आयातही होती, सगळं पाप मिनी-मिलच्या माथी मारू नका. आणि खालच्या पायरीऐवजी आजवर गिऱ्हाईकच नसलेल्या माणसांकडून सुरू होणारा दुसरा प्रकारही आहे, ट्रान्झिस्टर रेडिओसारखा. त्यावर मी लिहीत नाही, ते माझं क्षेत्र नाही.

पेपरात उबरचं उदाहरण द्यायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा की ख्रिस्टेन्सेन यांनीच २०१५ मध्ये लिहिलं होतं की टॅक्सीच्या बाबतीत उबर डिसरप्टिव्ह नाही, कारण ती खालून किंवा नव्या गिऱ्हाइकापासून सुरू झाली नाही, टॅक्सी वापरणाऱ्यांपासूनच झाली. दाजी वर्गात अजून उबरच शिकवतात. भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. या वेळी पंगत उठल्यावर बोलणार आहे.