सेल्स आणि प्रॉडक्शनची रोजची खडाजंगी

प्रश्न: जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना आहे. मालक रोज ‘आधी हे करा’ म्हणतात आणि सेल्स-प्रॉडक्शन भांडतात. काय करावं?

उत्तर: सेल्सला इन्सेंटिव्ह मिळतो डिलिव्हरीवर, प्रॉडक्शनला जाब विचारतात स्क्रॅपचा. त्यात ‘पार्टी खूश ठेवा’ एवढंच मोघम सांगितलं, की जो तो सोयीचा अर्थ काढतो.

मी अशाच कारखान्यात प्लॅनिंग बघायचो. एक्स्ट्रूडरवर गडद रंगावरून फिक्यावर यायचं, तर जुना रंग पूर्ण निघेपर्यंत माल वाया जातो. फिक्यावरून गडदवर जाताना खूपच कमी. दुपारी फोन आला की चालू लाल बंद, पांढरा सुरू! स्क्रॅप प्रॉडक्शनच्या माथी, रखडलेल्या लाल ऑर्डरच्या शिव्या सेल्सला.

मग आम्ही तीन दिवसांचा प्लॅन गोठवला, रंगांचा क्रम फिक्याकडून गडदकडे. मध्येच ऑर्डर घुसवायची तर मागणाऱ्याने कोणती ऑर्डर मागे जाईल ते लिहून सही करायची. त्या बदलाचं स्क्रॅपही त्याच्याच खात्यात. सही मागितली की बऱ्याच ‘अर्जंट’ ऑर्डरी आपोआप थांबायला तयार होतात.

मालकांनीही सही करायला हवी. ते थेट ऑपरेटरलाच फोन लावत राहिले, तर प्लॅन आठवडाभरही टिकत नाही.