मामाचं कोटेशन आणि साहेबांना पाठवायचा मेल

*माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणच्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत परचेसला लागून चौदा महिने झाले. पॅकिंगच्या खोक्यांसाठी त्याच्याकडे तीन कोटेशन आलीत, त्यातलं एक माझ्या सख्ख्या भावाच्या भोसरीतल्या कारखान्याचं आहे. मुलगा म्हणतो, साहेबांना कळवतो. मिस्टर म्हणतात, ठरवणार साहेब, हा फक्त तक्ता करतो, आणि कायद्यात मामा नातेवाईक धरतच नाहीत. मुलाने मेल लिहून ठेवलाय: "सर, माझ्या हातून काहीही चुकीचं झालेलं नाही, तरी गैरसमज नको म्हणून सांगतो, एका सप्लायरशी आमची लांबची ओळख आहे, पण त्याचा माझ्या कामावर कधीच परिणाम होणार नाही." आठवडा झाला, पाठवलेला नाही. भावानेच त्याची दोन वर्षांची फी भरली होती, त्यातले 80 हजार अजून द्यायचेत. परवा भावाने फोन करून "रेट कितीला बसतोय रे?" असं विचारलं, मुलाने विषय टाळला. काय लिहावं त्याने? — एक आई, चिंचवड*

ताई,

आधी तुमच्या मिस्टरांचं बोलू, कारण त्यांच्या म्हणण्यात निम्मं खरं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात 'नातेवाईक' कोण ते कलम 2(77) आणि त्याखालच्या नियमात दिलंय: नवरा-बायको, आईवडील, मुलं, सुना, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. मामा त्यात नाही. पण ती यादी संचालक, त्यांच्या कंपन्या, ऑडिटर अशांच्या व्यवहारांसाठी केलेली आहे. परचेसच्या मुलाला लागू पडते ती नोकरीला लागताना सही केलेली आचारसंहिता. तिच्यात बहुतेक ठिकाणी 'जवळचे संबंध' किंवा 'आर्थिक हितसंबंध' असे मोघम आणि मोठे शब्द असतात. मुलाला ती एचआरकडून मागवून वाचायला सांगा. दोन-तीन पानांचं काम असतं, आणि कळवायचं कोणाला, ठरलेला फॉर्म आहे का, हेही तिथेच सापडतं.

"फक्त तक्ता करतो" हे मात्र मी मान्य करणार नाही. तीन सप्लायर कधीच एका पद्धतीने रेट देत नाहीत. समजा एकाने खोक्याला 42 रुपये सांगितले, माल चाकणला पोचवून. मामाने 41 रुपये 20 पैसे सांगितले, पण कारखान्याच्या दारात, गाडीभाडं वेगळं. भाडं खोक्यामागे 1 रुपया 10 पैसे पडत असेल तर मामाचा माल 42 रुपये 30 पैशांना येतो, म्हणजे तो महाग. तक्ता करणाऱ्याने भाड्याचा रकाना धरला नाही तर तोच मामा पहिल्या नंबरला येतो. एकाचं पेमेंट 30 दिवसांत, दुसऱ्याचं 60 दिवसांत, छपाईच्या ब्लॉकचा खर्च कोणाच्या अंगावर, हे सगळं एका पातळीवर आणण्याचं काम तुमच्या मुलाच्या हातात आहे. साहेब बघतात ते शेवटचा रकाना. मुलगा मुद्दाम काही करेल असं मी म्हणत नाही. तो मामाला झुकतं माप नको म्हणून भाडं जरा जास्तही धरेल, आणि तेही कंपनीच्या दृष्टीने चूकच.

दुसरं असं की तिन्ही रेट त्याने पाहिलेत आणि रेट खाली आणण्याची बोलणी व्हायची आहेत. त्यामुळे मेल बोलण्यांच्या आधी गेला पाहिजे. नंतर गेला तर मामाने शेवटच्या फेरीत जो काही रेट दिला असेल, त्याच्याकडे सगळे वेगळ्या नजरेने बघतील. आणि तोंडी सांगून भागत नाही. चहाच्या टपरीवर "सर, तो सप्लायर आमचा मामा आहे" म्हटलं की साहेब "अरे चालतंय" म्हणतात. सहा महिन्यांनी साहेब बदलतात, ऑडिटवाला फाइल उघडतो, आणि त्या "चालतंय"चा कागद कुठेच नसतो. आधी तोंडी सांगायला हरकत नाही, उलट बरंच. पण त्याच दिवशी मेल जायला हवा.

आता त्याचा मसुदा. एका वाक्यात त्याने चार वेळा स्वतःची बाजू मांडलीय आणि साहेबांना लागणारी एकही गोष्ट सांगितलेली नाही. कोणता सप्लायर? नातं काय? याने आत्तापर्यंत काय केलं? "काहीही चुकीचं झालेलं नाही" हे वाचल्यावर साहेबांच्या मनात पहिला प्रश्न येतो, म्हणजे काय झालंय? आणि सख्ख्या मामाला 'लांबची ओळख' म्हणणं तर सरळ खोटं आहे. नंतर कळलं की उरलेल्या मेलवरचाही विश्वास जातो. "परिणाम होणार नाही" हे ठरवण्याचं काम त्याचं नाही, कोणाचंच स्वतःबद्दलचं नसतं. केंद्र सरकारी नोकरांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत याची पद्धत फार साधी आहे: कुटुंबातल्या कोणाचा हितसंबंध असलेलं प्रकरण किंवा कंत्राट समोर आलं, तर ते वरिष्ठांकडे पाठवायचं आणि पुढे ते सांगतील तसं करायचं. आपण निर्दोष असल्याचं लिहून द्या, असं तिथे म्हटलेलं नाही.

आता तुमच्या पत्रातली गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. ते 80 हजार. नातं एकवेळ सगळ्यांना दिसतं, उधारी दिसत नाही. परचेसमधला माणूस ज्याचं देणं लागतो, त्याच्याच मालाचा तक्ता करतोय, असा त्याचा अर्थ होतो. पैसे मुलाच्या नावावर घेतले की तुमच्या, व्याज आहे की नाही, याने फरक पडत नाही. फी त्याची होती. ते मेलमध्ये यायला हवेत, एका ओळीत, का घेतले याची कहाणी न सांगता. घाईने कुठून तरी पैसे उभे करून "आता काही देणं नाही" असं लिहायला लावू नका. फेडलेत तर फेडल्याची तारीखही लिहावी लागेल, आणि ती तारीख कोटेशन आल्यानंतरची असेल.

फोनचंही तसंच. मुलाने रेट सांगितला नाही हे चांगलं झालं, पण विचारणा झाली ही घटना आहे आणि ती साहेबांना कळायला हवी. ती लपवली आणि पुढे कधी मामाच्याच तोंडून निघाली, तर "रेट सांगितला नव्हता" हे सिद्ध करायला मुलाकडे काहीच उरणार नाही.

मी असा लिहीन. कंपनीत मेल इंग्रजीत जात असतील तर इंग्रजीत लिहू दे, क्रम हाच ठेवावा. तारखा त्याने स्वतःच्या घालाव्यात, मी नमुन्याला घातल्यात:

*विषय: पाच-प्लाय खोक्यांची चौकशी, सप्लायरशी नातं असल्याबाबत*

*सर,*
*खोक्यांसाठी आलेल्या तीन कोटेशनपैकी भोसरीच्या सप्लायरचे मालक माझे सख्खे मामा आहेत. त्यांनी माझी इंजिनिअरिंगची फी भरली होती, त्यापैकी 80,000 रुपये आमच्याकडून देणं बाकी आहे. त्यांच्या कारखान्यात माझी किंवा माझ्या आईवडिलांची भागीदारी नाही.*
*चौकशी मी 3 तारखेला पाठवली. सप्लायरची नावं आधीपासूनच्या मंजूर यादीतली होती. 10 तारखेला तिन्ही कोटेशन माझ्याकडे आली, मी ती पाहिली आहेत. तुलनेचा तक्ता अर्धा झाला आहे, तो सोबत जोडला आहे. 15 तारखेला मामांनी फोनवर रेटबद्दल विचारलं. मी माहिती दिली नाही.*
*मामांचं कोटेशन आल्याचं मला 10 तारखेपासून माहीत होतं, आज 17 तारखेला कळवतो आहे.*
*तक्त्याचं काम मी थांबवलं आहे. हे काम, आणि ऑर्डर त्यांना गेल्यास पुढचं रिजेक्शन व बिलांचं काम, कोणाकडे द्यायचं ते कृपया कळवावं. कंपनीचा वेगळा फॉर्म असल्यास भरून देतो.*

नावं मंजूर यादीतली नसतील, मामाचं नाव त्यानेच सुचवलं असेल, तर तसं लिहावं. भागीदारीचं वाक्यही तुम्हाला विचारून, खात्री करूनच. घरातल्या कोणाचं नाव जामीनदार म्हणून कारखान्याच्या कर्जावर असलं तर तेही त्यात येईल. (हे लोक विसरतात. बहिणीची सही जामीन म्हणून घेतलेली असते आणि भाच्याच्या कानावरही नसतं.)

सात दिवस उशीर झाल्याच्या ओळीपाशी त्याचा हात अडखळेल. "कामाच्या गडबडीत राहून गेलं" असं काहीतरी जोडावंसं वाटेल. जोडू नये. दोन्ही तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की साहेबांनी विचारायच्या आतच उत्तर देऊन झालं. त्यांनी समोर विचारलंच, तर खरं कारण एका वाक्यात सांगावं: कसं लिहावं ते कळत नव्हतं. फोनची 15 तारीखही मेलमध्ये आहेच. "फोन आला म्हणून कळवलंस का?" असंही ते विचारू शकतात, त्याचंही उत्तर होय किंवा नाही एवढंच.

पुढे काय होईल? बहुतेक ठिकाणी ही एक चौकशी दुसऱ्या सहकाऱ्याकडे जाते आणि मुलाच्या बाकीच्या कामाला धक्का लागत नाही. रेट पाहून झाल्यामुळे कदाचित तिघांकडून नव्याने बंद कोटेशन मागवतील. काही साहेब म्हणतात, तूच कर, मी तपासतो. तसं झालं तर ते मेलच्या उत्तरात लिहून द्यायची विनंती करावी. उत्तर आलंच नाही, तर दोन दिवस थांबून त्याच मेलवर पुन्हा विचारावं आणि तोवर फाइलला हात लावू नये. शेअर फोल्डरमध्ये ती फाइल त्याला दिसत राहते, हेही सांगावं म्हणजे बंद करतील. मी एचआरला असताना एका मुलाने असंच सगळं नीट कळवलं होतं. फोल्डर मात्र उघडाच राहिला, आणि पुढे शंका आली ती त्या फोल्डरवरूनच.

मामाला ऑर्डर मिळणारच नाही असं नाही. माल आणि रेट बरा असेल तर मिळेलही, फक्त ठरवणारा हात दुसरा असेल. काही कंपन्या मात्र नातं कळल्यावर सप्लायरच बाजूला ठेवतात. तसं झालं तर तुमचा भाऊ फोन तुम्हालाच करेल.

तेव्हा भावाशी बोलायचं ते तुम्ही, मुलाने नाही. मेल गेल्यानंतर, त्याच संध्याकाळी. कोटेशन मागे घे असं सांगू नका, तो त्याचा धंदा आहे. एवढंच सांगा: "त्याने साहेबांना कळवलंय की तू त्याचा मामा आहेस. त्या खोक्यांचं काही विचारायचं असेल तर कंपनीत फोन कर, त्याला करू नकोस. फीच्या पैशांचंही कळवलंय." शेवटचं वाक्य गाळावंसं वाटेल तुम्हाला. पण ते त्याने तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं, कंपनीतल्या कोणाकडून कळण्यापेक्षा.