कागदाची घडी उलट क्रमाने उघडा

प्रश्न: बुद्धिमत्ता चाचणीत घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल हे विचारतात. दोन घड्या असल्या की माझं उत्तर चुकतं. कसं करायचं?

शेवटची घडी आधी उघडायची. समजा, चौकोनाचा उजवा अर्धा डावीकडे आणला, मग वरचा अर्धा खाली, आणि वरच्या कडेजवळ टोक वर असलेला त्रिकोण कापला. आधी वरची घडी उघडा: ही जलप्रतिमा, म्हणजे पाण्यात दिसते तशी वर-खाली उलटी, म्हणून वरच्या त्रिकोणाचं टोक खाली येतं. मग बाजूची उघडा: ही आरशातली प्रतिमा, दोन्ही त्रिकोण उजवीकडेही उमटतात, टोकं तशीच. एकूण चार.

सांगलीतल्या आमच्या अभ्यासिकेत बहुतेकजण चारही टोकं वर असलेला पर्याय निवडायचे, कारण भोक उलटवायचं सोडून नुसतं सरकवायचे. घडीपासूनचं अंतरही तपासा. घडीच्या कडेजवळचं भोक उघडल्यावर मधल्या रेषेजवळच राहतं. पटत नसेल तर एसटीचं जुनं तिकीट घडी घालून फाडून बघा.